विकणाऱ्याचं नाव काय?

घरघंटी घ्यायची यावर घरात दुमत नव्हतं. ती कुणाकडून घ्यायची, यावर मात्र मंगलमावशीची आणि तिच्या भाच्याची चांगलीच जुंपली. मावशी साताऱ्याची निवृत्त शिक्षिका. ऑनलाइन खरेदीत आम्हा सगळ्यांपेक्षा तरबेज. भाचा निखिल पुण्यात एका करसल्लागाराकडे दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रं भरतो, त्यामुळे कुठल्याही दुकानाच्या नावाआधी त्याला त्याचा नोंदणी क्रमांक आठवतो. मोबाइलवर दोन पानं उघडलेली होती. एक, रील बघताना आलेल्या जाहिरातीतून उघडलेलं स्वतंत्र संकेतस्थळ : एक एचपीची स्वयंचलित घरघंटी, २,९९९ रुपये, ‘आज रात्रीपर्यंतच’. दुसरं एका मोठ्या ऑनलाइन बाजारावरचं : तशीच घरघंटी, १३,४०० रुपये, विक्रेता राजकोटचा, नाव कधी न ऐकलेलं. त्या दोघांचं बोलणं मी जसं ऐकलं तसं, थोडं छाटून, देते.

मावशी : २,९९९ला घरघंटी येत नाही, हे मलाही कळतं रे. पण समजा, आलीच तर? पैसे माल घरी आल्यावर द्यायचेत. माल बघेन, मग देईन. माझं काय जातं?

निखिल : माल बघून नाही, खोकं बघून. कुरिअरवाला बहुतेक वेळा आधी पैसे घेतो, मग खोकं हातात देतो; तू ते फोडेपर्यंत तो थांबत नाही. तुझे पैसे जातात कुरिअर कंपनीकडे आणि ती काही दिवसांनी ते पाठवणाऱ्याला देते. खोक्यात घरघंटीऐवजी भाजी चिरायचं प्लॅस्टिकचं यंत्र निघालं, तर कुरिअरवाला म्हणेल, आम्ही फक्त पोचवतो. मग तू कुणाला गाठणार?

मावशी : साइटवर नंबर आहे की. व्हॉट्सॲपचा.

निखिल : तेवढाच आहे, हेच तर म्हणतोय. पान खाली सरकव, अगदी तळाशी जा. तिथे Contact Us, Terms, Refund Policy असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. एकेक उघड.

मावशीनं उघडलं. Contact Us मध्ये नाव, ईमेल आणि निरोप लिहायच्या तीन रिकाम्या चौकटी. समोरच्याचं नाव नाही, गाव नाही. Refund Policy सांगत होतं की माल नापसंत असेल तर सात दिवसांत स्वखर्चाने ‘आमच्या गोदामात’ परत पाठवा. गोदाम कुठे आहे, ते पानभर शोधूनही सापडेना. गंमत होती Terms मध्ये. पहिल्या परिच्छेदात घरघंटीवाल्याचं नाव आणि चौथ्या परिच्छेदात अचानक बुटांच्या कुठल्याशा दुकानाचं. दुसऱ्याच्या अटी उचलून नाव बदलताना एक जागा राहून गेली होती. अशा पानांची ही खूण मला फार भरवशाची वाटते, कारण ग्राहकासाठी असलेला हा मजकूर दुकान उघडणाऱ्यानं स्वतःसुद्धा वाचलेला नसतो.

निखिल : ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २३ जुलै २०२० पासून लागू आहेत. स्वतःच्या साइटवरून माल विकणाऱ्यानं आपलं कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता, ग्राहकसेवेचा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा फोन-ईमेल सहज दिसेल असा द्यायचा आहे. अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दाही. तक्रार आली की अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निकालात काढायची.

मावशी : दोन माणसांच्या दुकानात अधिकारी कुठून आणायचा?

निखिल : मालकानं स्वतःचं नाव टाकलं तरी चालतं. टेबल-खुर्ची आणि शिपाई लागत नाही. पण एक माणूस नावानिशी पुढे आला पाहिजे.

मावशी : थांब, अटींच्या शेवटी काहीतरी आहे. GSTIN म्हणून मोठा नंबर दिलाय. म्हणजे नोंदणी आहे ना?

निखिल : नंबर आहे. तो कुणाचा आहे, ते बघू. हा पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्र २७, गोवा ३०, गुजरात २४, दिल्ली ०७. पुढची दहा अक्षरं म्हणजे ज्याची नोंदणी आहे त्याचा पॅन. तेराव्या जागी त्या पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी आहे ते, चौदाव्या जागी सहसा Z, आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं. पॅनमधलं चौथं अक्षरही बोलकं असतं. P असेल तर व्यक्ती, F म्हणजे भागीदारी, C म्हणजे कंपनी. काही साइटींवर चक्क 27ABCDE1234F1Z5 असा नमुन्याचा क्रमांक तसाच राहिलेला दिसतो. आता इथे बघ. साइट म्हणते ‘पुण्याच्या कारखान्यातून थेट तुमच्या घरी’, आणि क्रमांक सुरू होतो ०७ नं.

मावशी : दिल्लीचा. असेल बाबा, मालक दिल्लीचा, कारखाना पुण्याचा.

निखिल : असू शकतं. म्हणून इथेच थांबायचं नाही. services.gst.gov.in वर जा. Search Taxpayer मध्ये Search by GSTIN/UIN असं आहे, त्यात क्रमांक टाक, खालची वेडीवाकडी अक्षरं भर. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत.

पान उघडलं. कायदेशीर नाव एका व्यक्तीचं, व्यापारी नावात ‘गारमेंट्स’, व्यवसायाची मुख्य जागा दिल्लीत आणि स्थितीपुढे Cancelled. घरघंटीशी किंवा पुण्याशी त्याचा दुरूनही संबंध दिसत नव्हता.

मावशी : म्हणजे नंबर खराच आहे!

निखिल : खरा आहे, पण दुसऱ्याचा. कुठल्यातरी बिलावरून उचललेला. त्या कपडेवाल्या बिचाऱ्याला हे माहीतही नसेल. म्हणून नुसता नंबर दिसला की हुश्श करायचं नाही. साइटवरचं नाव, पोर्टलवरचं नाव आणि पैसे ज्या नावावर जातात ते नाव, ही तीन शेजारी ठेवून बघायची. यूपीआयनं पैसे पाठवताना पिन टाकायच्या आधी खातेदाराचं बँकेतलं नाव पडद्यावर येतं. दुकानाचं नाव एक आणि खातं भलत्याच कुणाचं, असं दिसलं तर तिथेच मागे फिरायचं. दुकानदार व्यक्ती म्हणून धंदा करत असेल तर खातं त्याच्या स्वतःच्या नावावर असू शकतं. पण मग पोर्टलवरही तेच नाव असायला हवं.

इथपर्यंत मावशी ऐकून घेत होती. दुसरं पान उघडल्यावर मात्र तिनं आवाज चढवला, आणि तिच्या म्हणण्यात दम होता.

मावशी : बरं, तो भामटा. त्याला सोड. पण ह्या मोठ्या बाजारावर कशाला हा खटाटोप? इथे चार पूर्णांक तीन तारे आहेत, दोन हजार लोकांनी लिहिलंय. त्या सगळ्यांनी घेतली, चालली. मला माणसांचा अनुभव पुरे. तुझ्या पंधरा अक्षरांनी पीठ दळून निघत नाही.

निखिल : ते तारे कुणाचे आहेत?

मावशी : घरघंटीचे.

निखिल : बरोबर. विक्रेत्याचे नाहीत. एकाच घरघंटीच्या पानावर चार विक्रेते असू शकतात; तारे सगळ्यांचे मिळून. त्या दोन हजारांनी कदाचित दुसऱ्याच दुकानदाराकडून घेतली असेल. किमतीच्या खाली Sold by लिहिलंय, त्यापुढचं नाव दाब.

नाव दाबल्यावर विक्रेत्याचं स्वतंत्र पान आलं. त्याला वेगळे तारे होते, वेगळ्या तक्रारी होत्या. बहुतेक तक्रारी उशिरा पोचल्याच्या, दोन तुटलेल्या चाकांच्या. खाली व्यवसायाचं नाव, राजकोटमधला गाळा क्रमांकासह पूर्ण पत्ता, फोन आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव.

निखिल : बाजार चालवणाऱ्या कंपनीवर ही जबाबदारी वेगळी आहे. विक्रेत्याचं व्यवसायनाव, तो नोंदणीकृत आहे की नाही, पत्ता, ग्राहकसेवेचा क्रमांक, त्याला मिळालेले गुण, हे सगळं खरेदीच्या आधी दिसायला हवं, असं नियमात आहे. आणि खरेदीनंतर भांडण झालं, तर लेखी मागितल्यावर त्यांनी विक्रेत्याचा पुढचा तपशीलही द्यायचा आहे. आता याचा क्रमांक टाकून बघ.

क्रमांक २४ नं सुरू होणारा. पोर्टलवर व्यापारी नाव तेच, पत्ता राजकोटचा तोच, स्थिती Active, नोंदणी काही वर्षांपूर्वीची. कायदेशीर नाव मात्र एका माणसाचं. मावशीची भुवई चढली.

निखिल : यात काही वावगं नाही. एकट्या मालकाचा धंदा असेल तर कायदेशीर नाव मालकाचं आणि व्यापारी नाव दुकानाचं. ती जोडी बाजारावरच्या पानाशी जुळते ना, एवढंच बघायचं. आणि एक गोष्ट, पैसे भरायच्या शेवटच्या पडद्यावर विक्रेत्याचं नाव पुन्हा वाच. माल संपला किंवा किंमत बदलली की दुसराच विक्रेता पुढे येतो. सकाळी एकाची वस्तू टोपलीत टाकलेली असते आणि रात्री आपण दुसऱ्याला पैसे देतो.

मावशी : म्हणजे आता घेऊ?

निखिल : एक फोन राहिला. खाली उत्पादनाच्या माहितीत Manufacturer म्हणून वेगळं नाव आहे. बनवणारा आणि विकणारा वेगळे आहेत. बनवणाऱ्याच्या ग्राहकसेवेला विचार : या विक्रेत्याकडून घेतली तर दोन वर्षांची वॉरंटी मिळेल का, आणि साताऱ्यात दुरुस्तीला कोण येईल? काही कंपन्या अधिकृत विक्रेत्याकडच्या बिलाशिवाय वॉरंटी मानत नाहीत. आणि तोच प्रश्न विक्रेत्याच्या तक्रारीच्या ईमेलवरही पाठव, आजच. उत्तर आलं तर आलं. निरोप पोचलाच नाही, असं परतीचं पत्र आलं, तर तो पत्ता कशासाठी ठेवलाय ते कळेल.

मला हा उपाय आवडला. तक्रारीची वेळ येण्याआधीच तक्रारीचा पत्ता वापरून बघणं फुकट आहे, आणि वाट पाहायला घरघंटीच्या बाबतीत काहीच हरकत नसते. ‘आज रात्रीपर्यंतच’ म्हणणारे नेमकी हीच वाट पाहणं टाळायला बघतात.

मावशी : पटलं. पण एक सांग. माझी मैत्रीण आहे ना, जवसाची चटणी आणि मेतकूट करते. इन्स्टाग्रामवर फोटो टाकते, लोक फोनवर मागवतात. जीएसटी नाही, अधिकारी नाही, काही नाही. तुझ्या हिशेबानं ती भामटी ठरली. आणि तो दिल्लीचा नंबर चोरणारा कागदावर पक्का! कागद मागितले की मरतात ते असेच छोटे. भामट्याला कागद चोरायला वेळ लागत नाही.

निखिल : जीएसटी नसणं हा गुन्हा नाही, हे मान्य. वर्षाला ४० लाखांपर्यंत माल विकणाऱ्याला, राज्यातल्या राज्यात विकत असेल तर, नोंदणी सक्तीची नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून असे छोटे लोक, आपल्या राज्यापुरतं, मोठ्या ऑनलाइन बाजारावरही नोंदणीशिवाय विकू शकतात. त्यांना फक्त एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. नियमातही ‘नोंदणीकृत आहे की नाही ते सांगा’ असंच आहे, ‘नोंदणीकृतच हवा’ असं नाही. साताऱ्याची बाई पुण्याला चटणी पाठवत असेल आणि GSTIN नसेल, तर माझी काही शंका नाही. पण परराज्यातून मिक्सर, घरघंटी, मोबाइल विकणारा म्हणतो की आम्ही छोटे आहोत, नंबर नाही, तर ते बसत नाही. करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर नोंदणी लागते. हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे, घरघंटीला नाही.

मावशी : मग माझ्या मैत्रिणीकडे काय बघायचं?

निखिल : खाण्याचा माल आहे, तेव्हा एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक हवा, छोट्यांसाठी साधी नोंदणी असते. बाकी नाव, पत्ता, फोन. जुनं कपाट एकदा विकणाऱ्याला ई-कॉमर्सचे हे नियम लागू नाहीत. पण ती तर दर आठवड्याला विकते, म्हणजे धंदाच झाला.

मावशी : पत्ता म्हणजे घरचा पत्ता. ती एकटी राहते. इंटरनेटवर कुणालाही दिसेल असा घरचा पत्ता टाकायचा? तू टाकशील?

निखिल थोडा वेळ गप्प बसला. नियम लिहिताना डोळ्यांसमोर मोठ्या कंपन्या असतात. स्वयंपाकघरातून धंदा करणाऱ्या बाईला गाळा नसतो, तिचं मुख्यालय म्हणजे तिचं देवघर आणि मोरी. या प्रश्नाला त्याच्याकडे साफ उत्तर नव्हतं आणि त्यानं ते असल्याचा आवही आणला नाही.

निखिल : नियम पत्ता मागतो. पण तिची अडचणही खोटी नाही. बचत गटाचा किंवा भाड्यानं घेतलेल्या एखाद्या जागेचा पत्ता देता आला तर बघावं. निदान पूर्ण नाव, गाव आणि लागणारा फोन तरी असावा, आणि पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता असतोच. तिच्याकडून चटणी घेताना मी दीडशे रुपयांची जोखीम घेतो, तेरा हजारांची नाही.

मावशी : हं. आता शेवटचं. एवढं सगळं जुळलं, आणि आली ती घरघंटी तुटकी, तर? राजकोटला कोण जाणार? पत्ता असून काय उपयोग? तिथे जाऊन उंबरा झिजवू?

निखिल : इथेच तर पत्त्याचा उपयोग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तू जिथे राहतेस तिथे तक्रार करता येते. म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगात. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. पण त्या अर्जात एक रकाना असतो : विरुद्ध पक्षाचं नाव आणि पत्ता. आयोगाची नोटीस त्या पत्त्यावर जाते. तो रकाना तू कशानं भरणार? व्हॉट्सॲप नंबरनं?

मावशी : आणि आयोगात जायच्या आधी?

निखिल : आधी विक्रेत्याच्या आणि बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवायचं आणि तक्रार क्रमांक घ्यायचा. मग १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते तक्रार कंपनीकडे पाठवून पाठपुरावा करतात. तिथेही तोच प्रश्न येतो. कंपनी ओळखीची असेल तर पाठवता येते. नाव-गाव नसलेल्या साइटची तक्रार ते कुणाकडे पाठवणार? त्या २,९९९वाल्यानं पैसे आगाऊ घेतले असते, तर १९१५ नाही, १९३० फिरवावा लागला असता, सायबर गुन्ह्यांचा. तोही लगेच, पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत.

मावशी : म्हणजे नाव-पत्ता असला की माणूस प्रामाणिक, असं नाही.

निखिल : अजिबात नाही. राजकोटवाला उद्या बदमाशही निघेल. फक्त तो कोण आहे, हे आपल्याला आधीच माहीत असेल.

माझ्या मते दोघांच्या वादाचा गाभा इथे होता. मावशी विचारत होती, माल चांगला आहे का? निखिल विचारत होता, वाईट निघाला तर कुणाच्या नावानं अर्ज लिहायचा? तारे आणि अभिप्राय पहिल्या प्रश्नाला थोडंफार उत्तर देतात, दुसऱ्याला मुळीच नाही. मावशीनं पहिल्या प्रश्नाचा हट्ट सोडला नाही, आणि तिचं बरोबर होतं. नोंदणी तपासून पिठाची जाडी कळत नाही.

मग तिनं कागद-पेन घेतलं नाही, मोबाइलवरच चित्रं टिपली : वस्तूचं पान किमतीसह, विक्रेत्याचं पान पत्त्यासह, तक्रार अधिकाऱ्याचं नाव, वॉरंटीचं वाक्य. निखिल म्हणाला की हे खरेदीच्या आधीच टिपावं, कारण वस्तूचं पान विक्रेता केव्हाही बदलतो, आणि ‘दोन वर्षं’चं ‘एक वर्ष’ झालेलं नंतर सिद्ध करता येत नाही. माल आल्यावर बिलावरचं नाव आणि GSTIN याच चित्राशी ताडून बघायचं, हेही त्यानं सांगितलं. बिलावर दुसरंच नाव असेल तर त्याच दिवशी लेखी कळवायचं.

बनवणाऱ्या कंपनीनं फोनवर वॉरंटी मिळेल म्हणून सांगितलं, पण दुरुस्तीचा माणूस कराडहून येईल आणि त्याला वेळ लागेल, असंही सांगितलं. विक्रेत्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, मोडक्यातोडक्या हिंदीत, पण नावासकट. मावशीनं दोन्ही वाचलं आणि साताऱ्यातल्या एका दुकानात फोन लावला. तिथे तीच घरघंटी १४,२०० रुपयांना होती, दुरुस्तीसह. आठशे रुपयांसाठी कराडच्या माणसाची वाट बघणार नाही, असं म्हणून तिनं ती दुकानातून घेतली. निखिलचा अर्धा दिवस वाया गेला असं तिला वाटत नाही. त्याला थोडं वाटतं.

अनोळखी साइटवर किंवा विक्रेत्याच्या पानावर पाच-दहा मिनिटं शोधूनही नाव, पत्ता आणि तक्रार करायची जागा सापडली नाही, तर तुम्हाला शोधता आलं नाही असं समजू नका. ते सहज दिसेल असं ठेवणं नियमानं विकणाऱ्याचं काम आहे आणि ते त्यानं केलेलं नाही. अशा ठिकाणी पैसे भरू नका.